व्हेंटिलेटर काढताना या चुका टाळा: आधी मशीनची मदत काढा, मग आकडा मोजा

‘सर, इंडेक्स ६० आला, ट्यूब काढूया?’ रात्रपाळीच्या शिकाऊ डॉक्टरकडून हे ऐकलं की मी पहिल्यांदा मॉनिटर नाही, प्रेशर सपोर्ट बघतो, म्हणजे मशीन दर श्वासाला किती जोर देतंय ते. इंडेक्स म्हणजे मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातली हवा, लिटरमध्ये.

सत्तरीतला एक शेतकरी कीटकनाशक पोटात गेल्यामुळे आमच्याकडे आला होता. चौथ्या दिवशी पूर्ण शुद्धीत, ऑक्सिजन उत्तम. चतुर्थी तोंडावर, त्यामुळे बायको रोज दाराशी विचारायची, ‘डॉक्टर, सणाला घरी येतील ना?’ मशीनवर मिनिटाला २४ श्वास, दर श्वासाला ४०० मिली हवा. २४ भागिले ०.४ लिटर, म्हणजे ६०. मर्यादा १०५ची, हा त्याच्या खाली, म्हणून ट्यूब काढली. चार तासांत माणूस घामाने निथळला. श्वास घेताना पोट फुगायच्या ऐवजी आत जात होतं. ट्यूब परत घालावी लागली.

मोजताना प्रेशर सपोर्ट १० होता. त्या ४०० मिलीत मशीनचा वाटा किती आणि त्याचा किती, कोणी पाहिलंच नव्हतं. १०५ ही मर्यादा १९९१ साली यांग आणि टोबिन यांनी दिली, ती मशीनपासून सोडवून, रुग्णाच्या स्वतःच्या श्वासावर मोजून. दुसऱ्या दिवशी मी त्याला टी-पीसवर, म्हणजे मशीनच्या मदतीशिवाय फक्त ऑक्सिजनच्या नळीवर, ठेवून ट्यूबच्या तोंडाला हवा मोजणारा स्पायरोमीटर लावला, मिनिटभर थांबलो आणि घड्याळ लावून पुढचं पूर्ण मिनिट श्वास मोजले. १५ सेकंद मोजून चारने गुणणाऱ्यांशी माझं पटत नाही. श्वास ३४, सरासरी २४० मिली, म्हणजे जवळपास १४२.

आणि इंडेक्स १०५च्या खाली आला म्हणून ताकद आहे असंही नाही. अशा विषबाधेत एक ते चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. नेमकं तेव्हाच बाकी सगळं सुधारलेलं दिसतं. म्हणून मी आधी उशीवरून डोकं उचलायला सांगतो आणि पाच आकडे मोजतो. याचं डोकं उशीला चिकटलेलंच राहिलं.

मग श्वास ओढायची ताकद. इथली चूक घाईची: ट्यूब बंद करून एक ओढ झाली की आकडा लिहून मोकळे. मी एकतर्फी व्हॉल्व्ह लावतो, म्हणजे हवा बाहेर जाते पण आत येत नाही, आणि वीसेक सेकंद धरतो. ‘ओढा, ओढा’ म्हणत राहतो. नाडी मंदावली किंवा ऑक्सिजन उतरला की लगेच सोडतो. त्याचा आकडा उणे १४ सेंटिमीटर पाणी इतका आला. उणे २० ते उणे ३० तरी गाठावा ही अपेक्षा.

बाकीच्या चुका थोडक्यात: सक्शननंतर लगेच मोजू नका, झोपेचं औषध चालू असताना मोजू नका आणि खोकल्याचा जोर बघितल्याशिवाय ट्यूबला हात लावू नका.

त्याची चतुर्थी वॉर्डातच गेली. नवव्या दिवशी डोकं उचलून त्याने दाराकडे, बायकोकडे बघितलं. मी पाचपर्यंत मोजलं, तरी डोकं खाली आलं नाही. दुपारी टी-पीसवर अर्धा तास ठेवला आणि ट्यूब काढली.