तिघांवरून निघालेला निष्कर्ष कसा तपासावा

"माझ्या ओळखीतल्या तिघांनी पहाटे उठून अभ्यास केला. तिघंही पास झाले. म्हणजे पहाटे अभ्यास केला की परीक्षा निघतेच." ऐकताना मान हलते, कारण यातलं एकही वाक्य खोटं वाटत नाही. अडचण वाक्यांत नसते, ती त्यांच्या मधल्या सांध्यात असते.

१. आधी वाक्यं सुटी करा

निष्कर्ष कोणता आणि पुरावा कोणता, हे वेगळं लिहा. इथे 'म्हणजे' नंतर येतो तो निष्कर्ष. पुरावा फक्त तीन माणसांचा आहे. मग स्वतःला विचारा, या पुराव्यावरून त्या निष्कर्षावर जायला बोलणाऱ्याने न बोलता काय गृहीत धरलं? दोन गोष्टी: हे तिघं सगळ्यांसारखेच आहेत, आणि ते पास झाले ते पहाटेमुळेच.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसांचं तसं नसतं. शिवाय हे तिघं आठवले का, तर पास झाले म्हणून. पहाटे उठून नापास झालेला आपली कथा सांगत फिरत नाही.

२. चार घरं भरा

मला सगळ्यात उपयोगी पडलेली पायरी हीच. कागदावर चार घरं काढा: पहाटे उठून पास, पहाटे उठून नापास, न उठता पास, न उठता नापास. वरच्या युक्तिवादात फक्त पहिलं घर भरलेलं आहे.

समजा वर्गात ६० जण आहेत. पहाटे उठणारे २०, त्यांतले १४ पास, ६ नापास. न उठणारे ४०, त्यांतले २० पास, २० नापास. आता तुलना करता येते: एकीकडे ७० टक्के, दुसरीकडे ५०. दोन्ही बाजूंचे टक्के सारखे आले असते तर वाद इथेच संपला असता. तसं झालं नाही, म्हणजे पहाट आणि पास होणं यांत सहसंबंध दिसतो. एवढंच. कारण अजून सापडलेलं नाही.

(वर्ग लहान असेल तर असा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, तसा.)

३. तिसरी गोष्ट शोधा

पहाटे उठतं कोण? बहुधा वर्षभर नियमित अभ्यास करणारी मुलं. मग गट पाडून पुन्हा मोजा.

नियमित अभ्यास करणारे २५. त्यांतले पहाटे उठणारे १५, पास १२. न उठणारे १०, पास ८. दोन्हीकडे ८० टक्के.

अनियमित ३५. त्यांतले पहाटे उठणारे ५, पास २. न उठणारे ३०, पास १२. दोन्हीकडे ४० टक्के.

बेरीज करून पाहा, आकडे तेच आहेत, तरी पहाटेचा फरक नाहीसा झाला. पहाटे उठणाऱ्यांत नियमित मुलं जास्त होती, म्हणून पहाट पुढे दिसत होती.

उलटी दिशाही एकदा तपासून पाहावी: परिणाम वाटतो तेच कारण असेल का? मागच्या परीक्षांत यश मिळाल्याने हुरूप येऊन कोणी पहाटे उठायला लागलं असेल, तर क्रमच बदलतो.

४. गट पाडण्याची मर्यादा ओळखा

जी तिसरी गोष्ट आपल्या लक्षात आली, तिचेच गट पाडता येतात. न सुचलेली तशीच राहते, आणि हे जाणकारांचंही होतं. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकं घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं अनेक निरीक्षणांत दिसत होतं. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ने चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून १६,६०८ स्त्रियांवर चाचणी घेतली. एका गटाला दोन संप्रेरकांची एकत्रित गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. २००२ मध्ये ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्या गटात हृदयविकार कमी तर नव्हताच, उलट जास्त आढळला, स्तनांचा कर्करोगही. आधीच्या निरीक्षणांत स्वतःहून ही औषधं घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. फसगतीचं एक मोठं कारण ते. चिठ्ठीने गट पाडले की न सुचलेल्या गोष्टीही दोन्हीकडे साधारण सारख्या वाटल्या जातात.

५. युक्तिवाद पडला तरी निष्कर्ष खोटा ठरत नाही

चूक सापडली की इथेच घाई होते. पहाटेचा अभ्यास उपयोगी असूही शकेल. तिघांच्या गोष्टीने ते ठरत नाही, इतकंच आपण म्हणू शकतो. म्हणून समोरच्याला "चूक" म्हणण्यापेक्षा मी विचारतो, "पहाटे उठून नापास झालेलं कोणी आठवतं का?" बहुतेक वेळा थोडं थांबून एखादं नाव निघतंच.