तीनशेची कडी तीनशेचीच उतरावी म्हणून: पट्टी वाकवताना स्प्रिंगबॅक कसा मोजावा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यात पाण्याच्या टाक्यांना आवळण्यासाठी लोखंडी पट्टीच्या अर्ध्या कड्या तयार होतात. २५ × ५ मिलिमीटरची माइल्ड स्टीलची पट्टी चपटी बाजू फर्म्यावर टेकवून गार अवस्थेतच गुंडाळायची, आणि सोडल्यावर तिची त्रिज्या जाडीच्या मध्यावर ३०० मिलिमीटर भरली पाहिजे, एवढेच हे काम आहे. या कामाबाबत सर्वत्र ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘दहा टक्के जास्त वाकवा’. या सल्ल्याने माझी बरीच पट्टी भंगारात गेली आहे, म्हणून तो चुकीचा का आहे ते आधी सांगतो.

पट्टी यील्डच्या, म्हणजे ती कायमची वाकू लागते त्या ताणाच्या, पुढे वाकवली की बाहेरचे थर कायमचे लांबतात आणि आतले थर कायमचे आखडतात. मात्र जाडीच्या मधोमध एक पातळ गाभा लवचीकच राहतो. पकड सोडताच संपूर्ण जाडी लवचीकपणे मागे फिरते आणि कडी उघडते; हाच स्प्रिंगबॅक. आता वाकवण्यास लागलेला जोर एकदा यील्ड पुरते पार झाले की जवळजवळ स्थिर राहतो, मग त्रिज्या २०० असो वा ३५०. त्यामुळे सोडल्यावर पट्टी जी वक्रता गमावते तीही जवळजवळ स्थिरच असते. टक्केवारी मात्र स्थिर नसते. लहान त्रिज्येच्या कडीत हीच हानी किरकोळ ठरते, मोठ्या त्रिज्येच्या कडीत ती वीस-पंचवीस टक्क्यांवर जाते. म्हणून हिशोब त्रिज्येत करू नये, वक्रतेत करावा. त्यासाठी १००० ला मिलिमीटरमधील त्रिज्येने भागावे, म्हणजे हाताळण्याजोगा आकडा मिळतो.

पट्टी एकाच लॉटमधून घ्यावी, कापावी, सरळ करावी.

यानंतरची पायरी चाचणीची आहे, आणि मी फसलो तो इथेच. पुस्तकी सूत्रानुसार गमावलेली वक्रता म्हणजे यील्डच्या ताणाची तिप्पट, भागिले लवचीकतेचा गुणांक आणि जाडी यांचा गुणाकार. या प्रतीच्या पट्टीचा यील्ड २५० मेगापास्कल आणि पोलादाचा गुणांक दोन लाख मेगापास्कल धरला, तर १००० च्या मापात उत्तर ०.७५ येते. ३०० ची वक्रता ३.३३, त्यात ०.७५ मिळवले की ४.०८, म्हणजे जाडीच्या मध्यावर २४५ देणारा फर्मा. मी तसा फर्मा वळवून घेतला, चाळीस कड्या एका दमात काढल्या आणि मग पहिली मोजली. ती ३२० ची होती. कारण अगदी साधे होते: २५० हा या प्रतीसाठी ठरवलेला किमान आकडा असतो, प्रत्यक्षात पट्टी त्याहून बरीच कडक येऊ शकते, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेला तो लॉट तसाच होता. बोल्ट आवळून कड्या जागेवर बसल्या खऱ्या, पण बोल्टांचा निम्मा जोर कडी मिटवण्यातच खर्ची पडत होता आणि टाकीवर पकड राहत नव्हती. तेव्हापासून किमान यील्डवरून फर्मा काढणाऱ्याचे मी ऐकत नाही. पट्टीचा यील्ड पट्टीलाच विचारावा.

तो विचारण्याची रीत अशी. हाताशी असलेल्या कोणत्याही जवळपासच्या फर्म्यावर एक तुकडा गुंडाळावा आणि पूर्ण सोडावा. दोन्ही टोकांकडचा पकडीतला भाग सरळच राहतो, म्हणून तो मापात अजिबात घेऊ नये. मधल्या गोलाईवर आतल्या बाजूने ४०० मिलिमीटरची सरळपट्टी दोन बिंदूंवर टेकवावी आणि तिच्या मध्यापासून गोलाईच्या तळापर्यंतची उंची मोजावी. माझ्या त्या कडीत ती ७१ भरली. ४०० च्या वर्गाला या उंचीच्या आठपटीने भागून त्यात उंचीचा अर्धा भाग मिळवला की आतली त्रिज्या ३१७ येते. त्यात अर्धी जाडी मिळवली की साधारण ३१९.७. उंचीत एक मिलिमीटरची चूक झाली तर त्रिज्येत जवळजवळ साडेतीन मिलिमीटरची चूक होते, म्हणून इथे टेप वापरू नये, डेप्थ गेज वापरावा.

आता वजाबाकी. फर्म्याची वक्रता ४.०८, उतरलेल्या कडीची ३.१३, म्हणजे या लॉटची हानी ०.९५. हव्या असलेल्या ३.३३ मध्ये ती मिळवली की ४.२८, म्हणजे मध्यावरची त्रिज्या २३३.६ आणि फर्म्याची स्वतःची त्रिज्या २३१. नवा फर्मा याच मापाचा केला आणि कडी ३०० ची उतरली. या लॉटसाठी हाच ०.९५ मी २०० च्या आणि ३५० च्या कडीलाही वापरतो. ४०० च्या बऱ्याच पुढे मात्र तो चालत नाही, कारण तिथे लवचीक गाभा जाड होत जातो. आणि साठ-सत्तरच्या आत पट्टी वाकवताना कडक होते, म्हणून तिथेही वेगळी चाचणी लागते.

गुंडाळताना आणखी एक चूक हमखास होते. अर्धी कडी हवी म्हणून लोक फर्म्यावर १८० अंशच गुंडाळतात. पट्टीची लांबी बदलत नसते: ३०० च्या अर्ध्या कडीची लांबी ९४२, आणि तेवढी लांबी २३३.६ वर २३१ अंश व्यापते. सोडल्यावर त्याचेच १८० होतात.

कडी उतरल्यावर काम संपले असे समजू नये, कारण तिच्यात ताण उरलेला असतो, आणि तो ज्या दिशेचा वाटतो त्याच्या उलट असतो. बाहेरची बाजू ओढली गेली म्हणून तिथे ओढ उरली असेल असे जो तो सांगतो. प्रत्यक्षात सोडताना बाहेरचा थर सर्वांत जास्त मागे फिरतो, यील्डच्या जवळजवळ दीडपट, आणि त्यामुळे ओढ संपून तिथे दाब उरतो. आमच्या या पट्टीचा यील्ड हानीवरून सुमारे ३२० निघतो. त्यातून मागे फिरलेले ४७६ वजा केले की बाहेरच्या पृष्ठभागावर १५६ मेगापास्कल दाब राहतो. तसाच आतल्या पृष्ठभागावर १५६ ची ओढ राहते. खरी मोठी ओढ, सुमारे २५० ची, बाहेरच्या अर्ध्या जाडीत पण गाभ्याला लागून, पृष्ठभागापासून दोन मिलिमीटर खोल दडलेली असते.

हे सर्व एकमेकांना तोलून धरतात, तोवर कडी स्वस्थ असते. पण रंगापूर्वी बाहेरची बाजू चकचकीत करण्यासाठी कोणी ०.३ मिलिमीटर ग्राइंड केली, की दाबाचा थर निघून जातो, तोल बिघडतो आणि कडी आणखी उघडते; हिशोबाने ३०० ची सुमारे ३०५ होते. आतली बाजू ग्राइंड केली तरी ती उघडतेच, मिटत नाही. म्हणून काळा थर काढायचा असेल तर तो वाकवण्यापूर्वी काढावा, आणि वाकवल्यानंतर ग्राइंड करणे अटळच असेल तर चाचणीचा तुकडाही तेवढाच ग्राइंड करून मगच त्याची उंची मोजावी.

लॉट बदलला की चाचणी नव्याने करावी. हानीचा आकडा मी खडूने फर्म्यावरच लिहून ठेवतो आणि शेवटची पट्टी संपली की पुसून टाकतो.