मराठी फीडची ओळख ठरवताना: आधी फॉन्ट, मग रंग

नव्याने हे काम घेणारा जवळजवळ प्रत्येक जण रंगांपासून सुरुवात करतो. करू नका. ब्रँडच्या पोस्ट मराठीत जाणार असतील तर पहिला प्रश्न फॉन्टचा आहे, आणि मला सगळ्यात जास्त त्यानेच रडवलं.

साबण बनवणारा एक छोटा ब्रँड समजा. तयार टेम्पलेटमध्ये Montserrat आहे, छान दिसतोय. तुम्ही इंग्रजी मजकूर पुसून मराठी टाकता, आणि मराठी अक्षरंही दिसतात. इथेच फसगत होते. Montserrat मध्ये देवनागरी नाहीच. सॉफ्टवेअर न सांगता दुसऱ्याच फॉन्टमधून अक्षरं उचलतं. लॅपटॉपवर एक फॉन्ट, मालकिणीच्या फोनवर दुसरा. पोस्ट कधी तुम्ही करता, कधी त्या. महिनाभराने फीडवर दोन वेगळे ब्रँड दिसतात आणि कारण कोणालाच सापडत नाही, कारण दोघींच्या फॉन्टच्या रकान्यात नाव एकच असतं.

ओळखायचं कसं? तोच मजकूर Mukta या देवनागरी असलेल्या फॉन्टमध्ये टाका, मग परत आधीच्या फॉन्टवर या. इंग्रजी अक्षरं बदलली पण मराठी बदललीच नाहीत किंवा भलतीच दिसली, तर संशय घ्या. बोल्डचं बटण दाबून पाहा: अक्षरं जाड होण्याऐवजी शाई फुटल्यासारखी दिसली, तर त्या फॉन्टमध्ये खरं बोल्ड नाही, सॉफ्टवेअर नुसतं फुगवतंय. Mukta, Hind, Poppins, Baloo 2 या सगळ्यांत देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, फुकट मिळतात. एकच घ्या. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मथळा उठून दिसायला वजन, म्हणजे अक्षरांची जाडी, आणि आकार एवढीच हत्यारं उरतात. Mukta ची सात वजनं इथे कामी येतात. ‘दोन फॉन्टची जोडी हवीच’ हा सल्ला रोमन लिपीच्या सवयीतून आलाय असं माझं मत. छोट्या ब्रँडला एकाच फॉन्टची दोन वजनं पुरतात.

आता ओळींमधलं अंतर. इंग्रजी टेम्पलेटमध्ये ते बहुधा १.२ च्या आसपास असतं. ५६ पिक्सेलच्या मथळ्याला म्हणजे साधारण ६७ पिक्सेल. वरच्या ओळीत ‘मऊ, शुद्ध, गुळगुळीत’ आणि खालच्या ओळीत ‘सौंदर्यपूर्ण कैरी’ लिहून बघा: वरचे उकार खालच्या मात्रांवर आणि रफारावर आदळतील. १.५ करा, म्हणजे ८४ पिक्सेल, आणि मोकळं होईल. हीच जोडी मी प्रत्येक टेम्पलेटच्या चाचणीला वापरते. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

एवढं जमलं की निम्मं काम झालं. खरंच.

रंग आता सोपे जातात, कारण अक्षरं कुठे आणि किती जाड येणार हे ठरलेलं असतं. साबणाच्या ब्रँडला हळदी पिवळा हवाय, #F2B632. त्यावर पांढरी अक्षरं मोबाइलवर मोठी करून पाहिली तर ठीक वाटतात, पण दोघांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातल्या फरकाचं गुणोत्तर, जेमतेम १.८ येतो. वाचनासाठीच्या मजकुराला किमान ४.५ हवा, मोठ्या ठळक मथळ्याला ३. त्याच पिवळ्यावर गडद तपकिरी #3A2A1A ठेवला की ७.५ मिळतात. तेव्हा नुसती रंगांची यादी नको, नेमणूक लिहून ठेवा: साय रंग पार्श्वभूमीला, तपकिरी फक्त अक्षरांना, पिवळा पट्टीला किंवा एखाद्या चौकटीला. पिवळ्यावर पांढरी अक्षरं बंद. पाच-सहा रंगांचे संच विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका. कुठला रंग कशाला, हे ते सांगत नाहीत आणि मग प्रत्येक पोस्टमध्ये सगळेच रंग भांडत बसतात.

टेम्पलेट तीन पुरे: उत्पादनाचा फोटो, माहिती, ग्राहकाचा अभिप्राय. ते ‘सुंदर नमुना’ अशा दोन गोंडस शब्दांवर बांधू नका. मालकिणीकडून जुने सगळे मजकूर मागवा, त्यातला सर्वांत लांब अभिप्राय टाकून बांधा. तो मावत नसेल तर अक्षरं बारीक करायची नाहीत, मजकूर दोन स्लाइडवर न्यायचा. एकदा अक्षरं बारीक केली की पुढच्या वेळी आणखी बारीक होतात. शेवटी इन्स्टाग्रामवर १०८० बाय १३५० ची पोस्ट प्रोफाइलच्या ग्रिडमध्ये दोन्ही बाजूंनी थोडी कापली जाते, म्हणून मजकूर कडेपासून शंभरेक पिक्सेल आत ठेवा, आणि फाइल सोपवण्याआधी एक पोस्ट मालकिणीला त्यांच्याच फोनवर तुमच्यासमोर करायला लावा.