फोटोवरून ओळखा: केक गच्च आणि वरून फिकट का झाला?

उदाहरणासाठी बिनअंड्याचा दह्याचा केक घेऊ. ओटीजीत १८० अंशांवर ४० मिनिटे भाजलेल्या या केकच्या कापलेल्या तुकड्याचा फोटो समोर आहे. वरचा पापुद्रा पांढुरका व सपाट आहे, जाळी बारीक आणि दाबल्यासारखी दिसते आणि तळाशी बोटभर जाडीचा ओलसर थर आहे.

प्रथम फोटोतील रंगाची खात्री करून घ्यावी, कारण ट्यूबलाइटखाली खरपूस केकही फिकट दिसतो. केकखालची पांढरी बशी फोटोत निळसर दिसत असेल, तर केकच्या रंगावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

बशी पांढरीच दिसत असेल, तर त्यानंतर तुकड्याच्या कडा आणि तळ पाहावा. तळ तपकिरी आणि फक्त वरची बाजू फिकट असेल, तर बहुधा वरची कॉइल बंद होती किंवा भांडे फार खाली ठेवले होते. आपल्या फोटोत मात्र तळ आणि कडाही फिकट आहेत, म्हणजे केकला सगळीकडूनच उष्णता कमी मिळाली असावी. (कुकरमध्ये भाजलेला केक वरून फिकटच राहतो, कारण तिथे वरून थेट आच लागत नाही, तो दोष मानू नये.)

कमी आच आणि गच्चपणा यांचा संबंध असा आहे: सोडा आणि दही एकत्र येताच वायूचे बुडबुडे तयार होऊ लागतात, आणि मैद्यातील स्टार्च शिजून जाळी पक्की होईपर्यंत ते पिठात टिकावे लागतात. ओव्हन पुरेसा तापलेला नसेल, तर जाळी पक्की होण्याआधीच बराचसा वायू निसटतो आणि पीठ खाली बसते. पृष्ठभागही वेळेत कोरडा होत नाही, आणि तो ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नसल्यामुळे तपकिरी रंग येत नाही.

मात्र हीच दोन्ही लक्षणे फार आंबट दह्यामुळेही दिसू शकतात, कारण उरलेला आंबटपणा रंग चढू देत नाही आणि सोडा आधीच खर्ची पडतो. हा फरक फोटोत दिसत नाही, त्यासाठी केक चाखावाच लागतो. चव आंबट लागली तर दही ताजे घ्यावे आणि एक कप दह्याला साधारण अर्धा चमचा सोडा घालावा. पिठूळ व कच्चट लागली तर दोष आचेचा आहे.

आचेचा दोष तपासण्यासाठी ओव्हन-थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून रिकामा ओटीजी १५ मिनिटे तापवावा. बटण १८० वर असताना काटा १५० दाखवत असेल, तर काटा १८० ला येईपर्यंत बटण वाढवावे. भांडे तयार ठेवून सोडा सर्वांत शेवटी मिसळावा, पीठ लगेच आत सारावे आणि पहिली २५ मिनिटे दार उघडू नये.