ओल दिसते एकीकडे, पाणी शिरतं भलतीकडे: पावसाळ्याआधी जुनं घर तपासताना या चुका टाळा

आमच्या जुन्या घराला पुढे कौलं आहेत आणि मागे नंतर वाढवलेली स्लॅबची खोली. त्या मागच्या खोलीत स्विचबोर्डाच्या वर, साधारण हातभर अंतरावर, दर पावसाळ्यात एक तपकिरी डाग उमटायचा. डाग स्लॅबच्या खोलीत म्हणजे गळती स्लॅबची, असा सरळ हिशेब करून आम्ही लागोपाठ दोन मे महिने गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे हात मारले. डाग दोन्ही वर्षी आला. तिसऱ्या वर्षी कळलं की स्लॅब बिचारा निर्दोष होता.

जुन्या घराच्या तपासणीतली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. ओल दिसते ती जागा पाण्याचा शेवटचा मुक्काम असतो. पाणी आत येतं वरून किंवा बाजूने, आणि मग फट, सळई, वायरिंगचा पाइप, जे सापडेल त्याच्या आधाराने वाटेल तिकडे जातं. म्हणून डागापाशी थापी घेऊन उभं राहण्याआधी तो कधी येतो हे आठवा.

डागाची वेळ न विचारणं

गच्चीतून मुरणारं पाणी आळशी असतं. कोबा आधी भिजतो, मग स्लॅब, मग ओल खाली येते. त्यामुळे असा डाग पाऊस सुरू झाल्यावर बऱ्याच तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो आणि पाऊस थांबल्यावरही वाढत राहतो. आमचा डाग याच्या बरोबर उलटा वागायचा. दिवसभर रिपरिप असली तर भिंत कोरडी, आणि जोराची सर आली की दहा-पंधरा मिनिटांत ओली. याचा अर्थ पाणी मुरत नव्हतं, कुठून तरी ओसंडत होतं. हे एवढं निरीक्षण आमच्याकडे दोन वर्षं पडून होतं, फक्त कोणी त्याचा विचार केला नाही.

भर उन्हाळ्यातही डाग ओला लागत असेल, तर पावसाचा संबंध सोडा आणि नळाची किंवा मोरीची लाइन बघा.

वरून पाणी ओतायला सुरुवात करणं

शंका आली की लोक थेट गच्चीवर पाइप सोडतात. सगळं एकदम भिजतं, खाली ओल येते आणि कुठून आली ते कळत नाहीच. पाणी खालून वर चढवत न्यायचं. आम्ही आधी मेन स्विच बंद केला, कारण डाग बोर्डावर होता. मग बाहेरून फक्त भिंतीवर वीस मिनिटं पाणी मारलं. आत काही नाही. मग जुनी भिंत आणि नवी खोली जिथे मिळते त्या उभ्या सांध्यावर वीस मिनिटं. तेव्हाही काही नाही. तिसऱ्या फेरीला कौलांखालच्या पन्हळीत पाणी सोडलं.

इथे थोडं गणित लागतं. एक चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. आमच्या कौलांचा तो उतार 6 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद, म्हणजे 24 चौरस मीटर. जोराच्या सरीत मिनिटाला 1 मिलिमीटर धरला, तर त्या पन्हळीत मिनिटाला 24 लिटर पाणी येतं. म्हणजे 15 लिटरची बादली साधारण 40 सेकंदांत रिकामी करायची, आणि तीही लागोपाठ. पहिल्या वर्षी आम्ही पन्हळीत तांब्याभर पाणी टाकून ‘वाहतंय की’ म्हणून खाली उतरलो होतो. तांब्याभर पाणी वाकड्या पन्हळीतूनही वाहतं.

चौथ्या बादलीला पन्हळीच्या मध्यावर पाणी दोन बोटं तुंबलं आणि पुढच्या काठावरून नाही, तर मागच्या, भिंतीकडच्या काठावरून सांडायला लागलं. खालून उभं राहून हे दिसणं शक्यच नव्हतं. थोड्याच वेळात आत बोर्डाच्या वर भिंत काळपट झाली.

कारण साधं होतं. मधला एक ब्रॅकेट गंजून वाकला होता आणि पन्हळीला पोट आलं होतं. त्या पोटात कौलांचा चुरा आणि पाचोळा बसला होता. ब्रॅकेट बदलून दर दोन फुटांवर एक असे लावले आणि मीटरला 5 मिलिमीटर उतार दिला, म्हणजे 6 मीटरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 3 सेंटीमीटर. शिवाय पन्हळीच्या मागे भिंतीत पत्र्याची पट्टी खोचून तिचं खालचं टोक पन्हळीत सोडलं, म्हणजे उद्या पन्हळ भरलीच तरी पाणी भिंतीच्या डोक्यावर जाणार नाही. हे काम अर्ध्या दिवसाचं निघालं.

कौलं बाहेरून बघणं

कौलांवर चढून पाहणी केली की दोन तडकलेली सापडतात आणि चार नवी तडकतात. त्यापेक्षा भर दुपारी दारं-खिडक्या लावून, दिवे घालवून आतून वर बघा. तडा किंवा सरकलेलं कौल असेल तिथे उन्हाचा ठिपका लखलखतो. दोन कौलांच्या जोडातून येणारा मंद उजेड वेगळा, त्याने घाबरू नका. ठिपक्याखालच्या रीपेवर खडूने खूण करून ठेवा, म्हणजे माणूस वर गेल्यावर शोधत फिरणार नाही. चढावंच लागलं तर फळी आडवी टाकून तिच्यावर चालायचं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर तर फळीशिवाय पाय ठेवूच नये, तो इशारा न देता तुटतो.

आढ्यावरच्या कौलांचा सिमेंटचा जोड मात्र आतून नीट दिसत नाही. तो शिडीवरून बघावा लागतो.

गच्चीवर तळं करणं

स्लॅबची शंका खरीच असेल तर पाणी साठवून बघतात. ते योग्यच आहे, पण जुन्या स्लॅबवर बेताने. 1 सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला 10 किलो वजन. अडीच सेंटीमीटर पाणी दिवसभर ठेवलं तरी परीक्षा होते, वीतभर भरायची गरज नाही. स्लॅबच्या खालच्या बाजूने सळईच्या रेषेत तडे असतील, गंजाचे ओघळ असतील किंवा प्लास्टर फुगून ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर ही परीक्षा करूच नका. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट आतून ढकलतं. तिथे वरून रंग आणि खालून पुट्टी लावणं म्हणजे दुखणं झाकणं. असा स्लॅब आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचा.

पाणी जाण्याच्या तोंडावरची जाळीही बघा. सपाट जाळीवर एक प्लास्टिकची पिशवी येऊन बसली की गच्चीचा हौद होतो. घुमटाच्या आकाराची जाळी बाजूनेही पाणी घेते.

मे महिन्यात भेग सिमेंटने बुजवणं

हे वाचून गवंडी रागावतील, पण काळ्या चिकणमातीवरच्या घरात मे महिन्यातली भेग ही वर्षातली सगळ्यात रुंद भेग असते. माती सुकून आकसलेली असते, पाया किंचित बसतो आणि भिंत उघडते. त्याच वेळी आपण तिच्यात घट्ट सिमेंट ठासतो. पावसात माती फुगते, भेग मिटायला बघते, आणि मध्ये पाचर बसलेली असते. मग शेजारी नवी भेग पडते आणि आपण म्हणतो, काम कच्चं केलं.

आधी भेग जिवंत आहे की मेलेली ते ओळखा. दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा, आणि मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ आडवा पट्टा द्या. पट्टा तडकला तर भेग हलते आहे. पट्ट्यासाठी खालचा रंग खरवडून काढा, नाहीतर तो नुसता सुटून येईल. हे काम पावसाळ्याच्या तोंडावर नाही, दोन-तीन महिने आधी करायचं. ते राहून गेलं असेल तर भेग थोडी रुंद करून, धूळ झटकून तिच्यात लवचीक सीलंट भरा. पाणी अडेल आणि भिंतीला हालचालीला जागाही राहील. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि बोटाचं टोक जाईल इतकी भेग, किंवा दोन्ही कडा एका पातळीत नसलेली भेग, ही सीलंटची गोष्टच नाही. तीही इंजिनिअरकडेच न्या.

गटार कोरडं असताना साफ समजणं

उन्हाळ्यात सगळीच गटारं वाहती दिसतात. चेंबरचं झाकण काढा, वरच्या टोकाला दोन बादल्या एकदम ओता आणि पाणी येऊन ओसरेपर्यंत बघत उभे राहा. पाणी चढून हळूहळू उतरलं तर पुढे गाळ किंवा मुळं आहेत. छपराचा पाइप संडासाच्या लाइनला जोडलेला असेल तर तो वेगळा करून घ्या, नाहीतर मोठ्या पावसात मोरीतून उलटं पाणी येतं.

वायर झाकली की झालं असं मानणं

आमचा बोर्ड उघडला तेव्हा वायरमनने मला बोलावलं. “ताई, हे बघा.” स्क्रूंवर हिरवी बुरशी असावी तशी पूड होती, तांब्याला धरलेली. वरून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी पाण्याचा थेंब लटकत होता. पन्हळीतून सांडलेलं पाणी भिंतीतल्या त्या पाइपात शिरून थेट बोर्डात उतरत होतं. डाग तर फक्त वाटेत सांडलेला भाग होता.

उघड्या जोडावर काळी टेप गुंडाळणं हा उपाय नाही. उन्हाने तिचा गोंद सुटतो आणि आत पाणी धरून राहतं. बाहेरचा जोड बंद डब्यात हवा. बाहेरून आत येणारी वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोल देऊन मग वर घ्यावी, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो.

वीज कुठे गळली तर पुरवठा तोडणारी आरसीसीबी असेल तर तिचं टेस्टचं बटण दाबून बघा, ती पडायला, म्हणजे वीज बंद व्हायला हवी. पण बटणाने फक्त ती यंत्रणा चालू आहे हे कळतं, वायरिंग चांगलं आहे असं नाही. ते वायरमनला मेगर, म्हणजे वायरीचं आवरण वीज अडवतं का ते मोजणारं यंत्र, लावूनच बघावं लागतं. साधी एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी असते, माणसाला शॉक लागला तर तिच्यावर विसंबू नये. आणि पावसात आरसीसीबी सारखी पडते म्हणून ती बाजूला टाकून थेट जोडणारे महाभाग असतात. ती पडते कारण कुठेतरी वीज ओल्या भिंतीत उतरते आहे.

आम्ही तो बोर्ड समोरच्या कोरड्या भिंतीवर हलवला, जुन्या पाइपातल्या वायरी काढून घेतल्या आणि तिथे नुसतं झाकण लावलं. दर पावसात पहिली मोठी सर पडून गेली की झाकण काढून मी आत कोरडा कागद फिरवते. गेली दोन वर्षं तो कोरडाच निघतो.