न्यूट्रिएंट अगार: आधी पीएच, मग अगार

न्यूट्रिएंट अगारची तयार पावडर मिळते. लिटरला २८ ग्रॅम मोजली, पाण्यात विरघळवली, ऑटोक्लेव्हला लावली की झालं. तरीही आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलांना मी पहिली बॅच सुटे घटक मोजूनच करायला लावते. तयार पावडरीत पीएच आधीच जुळवलेला असतो, त्यामुळे प्लेट लिबलिबीत झाली किंवा तिच्यावर नको ते उगवलं तर चूक कुठे झाली हे शोधायची सवयच लागत नाही. सुट्या घटकांनी ती लागते.

समजा २५० मिली करायचं आहे, म्हणजे साधारण बारा प्लेटा. त्यासाठी पेप्टोन १.२५ ग्रॅम, मीट एक्स्ट्रॅक्ट ०.७५ ग्रॅम, मीठ (सोडियम क्लोराइड) १.२५ ग्रॅम आणि अगार ३.७५ ग्रॅम. पेप्टोन हवेतली ओल पटकन ओढतं, म्हणून मोजून झालं की बाटलीचं झाकण लगेच लावा. नाहीतर महिन्याभराने त्या बाटलीत खडे सापडतात. मीट एक्स्ट्रॅक्ट काकवीसारखं चिकट असतं, स्पॅच्युलाला लागलेलं अर्धं तिथेच राहतं. ते बटर पेपरच्या छोट्या तुकड्यावर मोजा, कागदासकट कोमट पाण्यात सोडा आणि विरघळलं की चिमट्याने कागद काढून घ्या.

सुरुवातीला २०० ते २२० मिली डिस्टिल्ड वॉटरच घ्या. त्यात पेप्टोन, मीट एक्स्ट्रॅक्ट आणि मीठ विरघळवा. अगारला अजून हात लावायचा नाही. नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते: चारही पदार्थ एकदम घालून उकळतात आणि मग पीएच बघायला जातात. वितळलेला अगार ४० अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो. तो पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडच्या काचेवर बसला की आकडा स्थिर होत नाही आणि इलेक्ट्रोड धुताना जीव मेटाकुटीला येतो. गरम असतानाच मोजावं म्हटलं, तर तो आकडाही खोलीच्या तापमानाला येणारा नसतो.

म्हणून द्रावण निवू द्या. मीटर ७ च्या आणि ९.२ च्या बफरने जुळवून घ्या, कारण आपल्याला ७.४ हवाय आणि तो या दोघांच्या मधे येतो. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि टिश्यूने नुसता टिपा, घासू नका. द्रावण बहुधा ७ च्या खालीच निघतं. आता एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ड्रॉपरने एकेक थेंब घाला, ढवळा आणि आकडा थांबेपर्यंत वाट बघा. घाई नडते ती इथे. आकडा हलत नाही म्हणून मुलं सलग चार-पाच थेंब सोडतात, तो एकदम ८ च्या पुढे जातो, मग आम्ल घालतात, तो खाली पडतो, पुन्हा अल्कली. शेवटी पीएच जुळतो, पण प्रत्येक फेरीत आम्ल आणि अल्कली मिळून मीठच तयार झालेलं असतं आणि पाणीही वाढलेलं असतं. ७.२ च्या पुढे गेलात की दहापट पातळ, म्हणजे ०.१ नॉर्मल अल्कली वापरा. ऑटोक्लेव्हमध्ये पीएच किंचित उतरतो, त्यामुळे ७.५ वर थांबलात तरी चालेल. हे झालं की मेजरिंग सिलिंडरमध्ये २५० मिली पुरं करा.

पीएचचा अगारशीही संबंध आहे. द्रावण आम्लधर्मी राहिलं तर ऑटोक्लेव्हच्या उष्णतेत अगारच्या लांब साखळ्या तुटतात आणि प्लेट घट्ट होत नाही. वायरलूप फिरवला की पृष्ठभाग खरवडून निघतो. अशी प्लेट दिसली की ‘अगार कमी पडला’ म्हणून मोकळे होऊ नका. वही काढून पीएच बघा आणि तेच माध्यम दोन-तीनदा ऑटोक्लेव्ह झालं का तेही बघा.

आता ५०० मिलीच्या कॉनिकल फ्लास्कमध्ये द्रावण घ्या. फ्लास्क निम्माच भरायचा, नाहीतर उकळी वर येऊन बोळा भिजतो. अगार थंड द्रावणावर भुरभुरवा. गरम पाण्यात टाकला तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. मग ढवळत उकळा. ढवळणं थांबलं की अगार तळाला बसून करपतो. द्रावण पारदर्शक झालं, काचेला कण चिकटलेले दिसेनात, की कापसाचा बोळा लावून वर कागद बांधा.

ऑटोक्लेव्हमध्ये पाणी हीटरच्या वर आहे ना ते आधी पाहा. झाकण लावून व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि वाफेचा सलग, जोरदार झोत यायला लागल्यावरच बंद करा. काटा १५ पौंडांवर गेला म्हणजे १२१ अंश झाले असं धरून चालू नका. आत हवा कोंडलेली असेल तर दाब तोच दिसतो, तापमान मात्र कमी असतं. निम्मी हवा राहिली तर ते ११२ च्या घरात अडकतं आणि बॅसिलसचे बीजाणू आरामात वाचतात. काटा जागेवर आल्यावर १५ मिनिटं मोजायची, स्विच लावल्यापासून नाही. संपल्यावर व्हॉल्व्ह खेचून वाफ सोडायचा मोह टाळा. दाब झटकन उतरला की फ्लास्कमधलं गरम माध्यम उसळतं आणि बोळा ओला होतो. ओल्या कापसातून जंतू आत शिरू शकतात. काटा शून्यावर येऊ द्या. बाहेर काढल्यावर फ्लास्क हळूच गोल फिरवा, कारण अगार खाली जड आणि वर पातळ असा राहिलेला असतो.

ओतण्यासाठी ४५ ते ५० अंश हवेत. वॉटर बाथ नसेल तर फ्लास्कचा तळ मनगटाच्या आतल्या बाजूला लावा, चटका न बसता धरवला तर वेळ झाली. त्याहून गरम ओतलं तर झाकणावर पाण्याचे थेंब जमतात, ते खाली पडतात आणि पुढे कॉलन्या एकमेकींत वाहतात. फार थांबलात तर फ्लास्कमध्येच गुठळ्या होतात. तसं झालं तर उकळत्या पाण्यात ठेवून एकदा वितळवून घ्या, पुन:पुन्हा नको.

बर्नरजवळ बोळा काढा, फ्लास्कचं तोंड ज्योतीतून फिरवा, झाकण एका बाजूनेच उचला आणि ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये २० मिलीच्या आसपास ओता. थर सुमारे तीन मिलिमीटर बसतो. पंखा बंद हवा. हे सांगूनही उन्हाळ्यात कुणीतरी तो चालू करतंच! प्लेट घट्ट होईपर्यंत जागची हलवू नका.

दुसऱ्या दिवशी वापरण्याआधी सगळ्या प्लेटा उलट्या करून ३७ अंशांना २४ तास ठेवा. काही उगवलं तर ते कुठे उगवलंय ते प्लेट उजेडात धरून बघा. पृष्ठभागावर तुरळक कॉलन्या असतील तर ओतताना हवेतून आलेले जंतू समजा. थराच्या आत, भिंगाच्या आकाराच्या बारीक कॉलन्या बऱ्याच प्लेटांत सारख्याच दिसल्या, तर माध्यमच निर्जंतुक झालं नव्हतं. तेव्हा ओतणाऱ्याला बोलण्याऐवजी ऑटोक्लेव्हची हवा नीट निघाली होती का ते तपासा. फक्त एकाच प्लेटच्या तळाशी काही असेल तर ती प्लेटच नीट निर्जंतुक नसावी. स्वच्छ निघालेल्या प्लेटांवर तारीख घाला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, उलट्याच, फ्रीजमध्ये ४ अंशांना ठेवा. डीप फ्रीजरमध्ये नको. गोठल्यावर अगारमधलं पाणी सुटतं आणि प्लेट वाया जाते.