निर्णय-नोंदीतील चुका: शेवटचा ईमेल म्हणजे निर्णय नव्हे

लांबलेली ईमेल-साखळी आणि तिच्यानंतरची बैठक यांचा गोषवारा गैरहजर संबंधितांना पाठवताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे साखळीतील शेवटचे वाक्य हाच निर्णय समजणे. साखळी सरळ रेषेत पुढे जात नसते. कोणीतरी आठवड्यापूर्वीच्या ईमेलला उत्तर देतो, तिथून वेगळी फांदी फुटते आणि त्या फांदीतून एक-दोन नावे गळूनही जातात.

समजा, बिलांची जुनी प्रणाली केव्हा बंद करायची, यावर ४६ ईमेल झाले आहेत आणि त्यांत ३० जून ही तारीख वारंवार आली आहे. १२ जूनच्या बैठकीत मात्र ३१ ऑगस्ट ही तारीख ठरली, तीही जून आणि जुलैची बिले दोन्ही प्रणालींवर काढून रकमा जुळल्या तरच. दुसऱ्या दिवशी बैठकीला नसलेल्या एकाने जुन्याच ईमेलला उत्तर दिले, "३० जूनला माझी हरकत नाही." घाईत नोंद लिहिणारा हेच वाक्य उचलतो.

याहून फसवी चूक म्हणजे तारीख बरोबर लिहून अट गाळणे. लेखा विभाग ३१ ऑगस्ट पक्की धरून जुन्या प्रणालीचा देखभाल-करार संपवतो आणि जुलैची बिले जुळली नाहीत, की निर्णय कायम आहे की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून अट निर्णयाच्याच वाक्यात हवी: "जून व जुलैच्या रकमा जुळल्यास जुनी प्रणाली ३१ ऑगस्टला बंद होईल, न जुळल्यास ती चालू राहील आणि पुढील तारीख प्रकल्पप्रमुख ठरवतील." निर्णय कोणी, कोणत्या अधिकारात आणि कोणत्या दिवशी घेतला, हे लगेच पुढच्या ओळीत यावे.

मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये सॉफ्टवेअर-रचनेच्या निर्णयांसाठी नोंदीचा जो आराखडा मांडला, त्यात 'स्थिती' हा स्वतंत्र भाग होता. तो इथेही ठेवावा, कारण 'प्रस्तावित' आणि 'मान्य' यांतील फरक गैरहजर वाचकाला चर्चेच्या सुरावरून ओळखता येत नाही.

"सर्व मुद्द्यांवर चर्चा झाली" हे वाक्य मी नोंदीत कधीच ठेवत नाही. लेखाप्रमुखांनी वर्षअखेरीच्या ताळेबंदाला जुनी आकडेवारी लागेल, अशी हरकत ईमेलमध्ये घेतली असेल, तर ती त्यांच्याच शब्दांत द्यावी आणि तिच्यावर काय ठरले, तेही लिहावे. काहीच ठरले नसेल, तर तसेच लिहावे. गैरहजर माणूस नोंदीत प्रथम आपलाच मुद्दा शोधतो आणि तो सापडला नाही, की साखळी पुन्हा सुरू होते.

नोंद पाठवण्यापूर्वी ती बैठकीला नसलेल्या एका सहकाऱ्याला द्यावी आणि काय ठरले, कोणत्या अटीवर ठरले, आता कोणी काय करायचे, एवढेच विचारावे. उत्तरासाठी त्याला साखळी उघडावी लागली, तर नोंद अपुरी आहे. पुढे निर्णय बदलला, तर जुनी नोंद खोडू नये. नवी लिहून तिच्यात जुनीचा संदर्भ द्यावा आणि जुनीवर 'रद्द, नवी नोंद पाहावी' असा शेरा मारावा.